पॉलिशचा रेट

समजा, तुम्हाला एक मेल लिहायचा आहे. समोरच्या कंपनीने तुमच्याकडे साच्याचा दर मागितला, तुम्ही दिला, आणि आता त्यांना त्या दराची फोड हवी आहे. स्टील किती किलो, कुठल्या मशीनवर किती तास, तासाला काय रेट, पॉलिशला किती, नफा किती. तुम्हाला ती फोड द्यायची नाही, पण ऑर्डर मात्र हवी आहे. नकार असा द्यायचा की समोरच्याला दार आपटल्यासारखं वाटणार नाही, आणि दर एका रुपयाने कमी न करता तो रास्त आहे हे पटवायचं. करा सुरुवात. पहिल्या वाक्यातच अडकाल.

काकू अडकत नसत. शेडमधल्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्या असे मेल एका हाताने लिहीत, दुसऱ्या हातात चहा. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणारी त्यांची छोटी टूलरूम. मशीनिंगचं बघायला दोन कारागीर, दर आणि गिऱ्हाईक काकूंकडे, आणि शेवटचं पॉलिश काकांकडे. काका म्हणजे काकूंचे यजमान. साच्याच्या पोकळीला आरशासारखी चकाकी आली तरच त्यातून निघणारी डबी काचेसारखी पारदर्शक निघते. आधी दगड, मग एमरी पेपर, मग हिऱ्याची पेस्ट. घाई केली की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. काकांच्या साच्यात बघून दाढी करता येते, असं लोक म्हणायचे. काका म्हणायचे, "करा, पण केस पोकळीत पाडू नका."

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सांगितल्या. काका गोळ्या घ्यायचे आणि पॉलिशला बसायचे. उजेडात तिरकं धरलं की पोकळीत बारीक लाटा दिसायच्या. काकांना त्या दिसत नाहीत असं काकूंना वाटे. काकांचं काम संपलं की काकू साचा कापडात गुंडाळून "मापं तपासायला पाठवते हो" म्हणत, आणि तो जायचा पुलाजवळच्या पॉलिशवाल्याकडे. त्याला सगळे 'आरसा' म्हणतात. तो लाटा काढून द्यायचा, काकू त्याचे पैसे स्वतःच्या नफ्यातून भागवायच्या. गिऱ्हाइकाला दर एकाच पॉलिशचा लागायचा. फसवणूक कुणाचीच नव्हती. निदान गिऱ्हाइकाची तरी नव्हती.

आता या नव्या कंपनीने फोड भरायला पाठवलेल्या तक्त्यात पॉलिशपुढे एक रकाना होता: काम तुमच्याकडे होतं की बाहेर? आणि खाली एक ओळ होती: तांत्रिक खुलाशासाठी संपर्क. तिथे नेहमी काकांचा नंबर जायचा. 'बाहेर' लिहिलं, तर पुढचा प्रश्न थेट काकांनाच गेला असता.

काकूंनी फोड न देण्याला आणखीही कारण होतं, आणि तेही खरंच होतं. पूर्वी एकदा त्यांनी भाबडेपणाने फोड दिली होती. समोरच्याने आधी नफ्याची ओळ कापली, मग तासांची, आणि उरलेला कागद दुसऱ्या टूलरूमला दाखवून विचारलं, तुम्ही याहून कमीत करता का?

त्यांनी लिहिलं:

"आपण दर नीट पारखून घेता हे आम्हाला योग्यच वाटतं. मात्र प्रक्रियेनुसार तास, रेट आणि नफा ही आमच्या कामाची अंतर्गत माहिती आहे. ती आम्ही कोणत्याच ग्राहकाला देत नाही, त्यामुळे आपल्यालाही देता येणार नाही. दरात काय मिळेल ते मात्र स्पष्ट सांगते. प्रमाणपत्रासह स्टील, आपल्या मंजुरीनंतरचं डिझाइन, नमुना पास होईपर्यंतच्या सगळ्या ट्रायल, आणि ठरलेल्या उत्पादनसंख्येपर्यंत साच्याची मोफत दुरुस्ती. मंजुरीनंतर आपण डिझाइन बदललं तर तो खर्च यात नाही. आपल्या सध्याच्या साच्याहून हा दर जास्त वाटेल, कारण त्यात एका वेळी एक डबी निघते, यात चार निघतील, आणि चारही सारख्याच निघाव्या लागतील. बजेट कमी असल्यास दोन डब्यांच्या साच्याचा वेगळा दर देऊ शकते."

उत्तराऐवजी फोन आला. खरेदी विभागातला अधिकारी होता, वयाने काकूंच्या मुलाएवढा. काकूंच्या हातात चहा होता, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. केबिनचं दार उघडं होतं. बाहेर काका स्टुलावर बसून पोकळी घासत होते.

"काकू, मेल एकदम झकास. नाही म्हणालात आणि मला रागही आला नाही."

"राग यायला मी तुमची सासू थोडीच आहे?"

तो हसला. "बरं, फोड नको. साहेबांना मी पटवतो. फक्त एवढं सांगा, पॉलिश यातून वगळलं तर किती कमी होईल?"

काकूंनी चहा खाली ठेवला. ही मागच्या दारातून मागितलेली फोड होती. आज पॉलिश वजा करायचं, उद्या स्टील वजा करायचं, की झाला तक्ता पूर्ण.

"पॉलिश सुटं विकत नाही आम्ही. डबी पारदर्शक निघेल ही हमी माझी आहे. पॉलिश दुसऱ्याने केलं आणि डबी धुरकट निघाली तर भांडायचं कुणाशी?"

"दुसऱ्याने कुठे? आरशाकडेच जाणार ना. आमचे साचेही तोच करतो. परवा म्हणत होता, काकूंचंही सगळं हल्ली मीच करतो. मग मधला फेरा कशाला? आम्ही थेट त्याला देतो."

तो सहज बोलला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

काकूंनी स्पीकर बंद केला. खूप उशीर झाला होता. त्यांनी बाहेर पाहिलं. घासण्याचा आवाज थांबलेला नव्हता. काकांनी मान वर केली नाही. पोकळीवर फुंकर मारली, बोटाने पेस्ट पुसली, पुन्हा घासलं.

"काकू? आहात ना?"

"करते फोन," त्या म्हणाल्या.

त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. फोड न देता दर पटवायला त्यांच्याकडे शंभर वाक्यं होती, पण इथे एकही नव्हतं.

काकाच बोलले. "अगं, दे त्यांना पॉलिश वगळून दर."

"अहो, तसं दिलं की ते एकेक करून सगळंच काढायला लावतात. तुम्हाला माहीतय."

"बाकीचं देऊ नकोस. पॉलिश दे. मोठी ऑर्डर आहे." त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला. "आणि हमीचं स्पष्ट लिही. पॉलिश त्यांचं, तर चकाकीची जबाबदारीही त्यांची. ट्रायल आपली."

अगदी कामातलं बोलल्यासारखं बोलले. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. मग स्टुलावरून उठून त्यांनी पेस्टच्या ट्यूबांची टोपणं एकेक करून लावली. एक टोपण आटे धरेना. काकूंनी लावून दिलं.

ऑर्डर आली. साचा पॉलिशविना गेला. काका अजूनही रोज शेडमध्ये येतात, कारागिरांची ड्रॉइंग तपासतात, चहाला साखर जास्त म्हणून कुरकुरतात. पॉलिशच्या टेबलावर आता सुटे भाग ठेवलेले असतात. त्या दिवसाबद्दल दोघांत एक शब्द झालेला नाही.

केबिनमध्ये शेजारी बसवून मला हे काकूंनीच सांगितलं, पुढचा एक मेल लिहिता लिहिता. मग बोटं थांबवून म्हणाल्या, "त्या दिवशी फोनवर कळलं असेल, तर त्यांचं मन मी मोडलं. आणि आधीपासून माहीत असेल, तर आपलं काम पुन्हा घासलं जाणार हे ठाऊक असून ते रोज तिथे बसत होते. माझ्यासाठी. मला भीती दोन्हीची वाटते, म्हणून विचारत नाही."

काचेपलीकडे काका कुणाला तरी माप समजावून सांगत होते.

"पण तुला काय वाटतं," काकूंनी विचारलं, "त्यांना कधी कळलं असेल?"