गोळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

आव झाली म्हणून आरोग्य केंद्रातून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या मिळाल्या. सात दिवस, दिवसातून तीन वेळा. खाल्ल्यावर तोंडात लोखंड चघळल्यासारखं व्हायचं.

गोळ्या देणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आबा, दारू घ्यायची न्हाई. गोळ्या संपल्यावरही तीन दिवस न्हाई."

मला राग आला. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मी पुढं हुतो. "बाई, मी थेंब शिवलेला न्हाई. दुसऱ्याला सांगा," म्हणालो, आणि पुढचं ऐकायला थांबलोच नाही.

गोळ्या संपल्या. अंगात त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरचं द्राक्षारिष्ट काढलं. वैद्य चार चमचे पाण्यातून घ्यायला सांगतात. मी अर्धा पेला तसंच प्यालो. लवकर उभं राहायचं हुतं.

थोड्याच वेळात तोंड तापलं, डोकं फुटायला आलं, छाती धडधडायला लागली. मग उलट्या. सूनबाई पाणी घेऊन आली, वास आला तशी तिनं पोराला हाक मारली. पोरानं मोटारसायकलवर मागं बसवून केंद्रात नेलं.

डॉक्टरीण तरुण हुती. नाडी बघत म्हणाली, "आजोबा, खरं सांगा, किती घेतली?"

"मरेन, पण घेणार न्हाई."

पोरानं पिशवीतून अरिष्टाची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिनं बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. "अरिष्ट आंबवून करतात. आंबताना त्यात दारू आपोआप तयार होते. इथं लिहिलंय. या गोळ्या अंगातून जायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर दारू पोटात गेली की काही जणांना असं होतं. सगळ्यांना नाही, पण तुम्हाला झालं."

"ते औषध हाय," मी म्हणालो. दुपारपर्यंत झोपवून ठेवलं, मग सोडलं.

गावात शिरलो तर पारावर चौघं बसलेले. एकानं विचारलं, "काय झालं हो आबांना?" पोरगा म्हणाला, "पोट बिघडलंय." त्यानं माझी अब्रू झाकली.

तिथंच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण खोट्याच्या आडोशाला कधी बसलो नाही. "थांबव गाडी," म्हणालो, आणि बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. अरिष्ट, गोळ्या, तीन दिवस.

"व्हय का! म्हंजी आबाबी पेताड निघाले की!" सगळे हसले. एरवी मी काठी उगारली असती. आता मान पोराच्या पाठीला टेकली हुती.

त्यातला एक मात्र हसता हसता थांबला. जवळ येऊन हळू विचारलं, "आबा, माझ्याबी दाढंला त्याच गोळ्या दिल्यात. काल संपल्या. आज लग्नाला जायचंय."

"शेवटच्या गोळीपासून तीन दिवस मोज," मी म्हणालो. "आणि नुसतं जेवून ये."