एक दाबा

बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांचा फोन त्या दिवशी सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. आधी त्यांना बरं वाटलं. जेवताना मात्र ते सारखे फोनकडे बघत होते.

फोन हा त्यांच्या जिवाला घोर होता. हात मशीनमध्ये अडकलेले आणि खिशात कुणीतरी नव्या लिफ्टचा भाव विचारतंय! म्हणून लेकीनं हट्टानं धंद्यासाठी व्हर्च्युअल नंबर घेतला. त्यावर काकूंच्या आवाजात मेनू रेकॉर्ड केला. लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, चौकशीसाठी तीन. एक दाबलं की काकांचा मोबाईल वाजणार, बाकीचे फोन लेकीकडे. जुनी गिऱ्हाइकं नवा नंबर कुठून लावणार? म्हणून काकांनी काल रात्री शहाणपणा केला. लेकीला न विचारता आपल्या मोबाईलवरचे सगळे कॉल नव्या नंबरवर फॉरवर्ड करून टाकले.

"लोक विसरले वाटतं मला," ते म्हणाले.

"एका दिवसात? तुमचं आपलं काहीतरीच," काकू म्हणाल्या.

तरी काकांना चैन पडेना. त्यांनी काकूंच्या फोनवरून नवा नंबर लावला आणि एक दाबलं. टेबलावरचा त्यांचा मोबाईल गप्पच. कानात मात्र काकूंचा आवाज परत पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा एक दाबलं, पुन्हा नमस्कार.

त्यांनी लेकीला हाक मारली. तिनं अ‍ॅप उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, एक दाबलं की कॉल तुमच्या मोबाईलवर येतो आणि तुमचा मोबाईल तो परत मेनूवर पाठवतो. एकाच नंबरवरून चौदा कॉल आलेत. पहिला सव्वाबाराला."

तो नंबर काकांना पाठ होता. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या, एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाई. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. घड्याळात एक वाजून गेला होता. लेकीनं त्यांच्या मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग बंद केलं.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"काका?" आवाज अगदी बारीक झाला होता. "काकू मला केव्हापासून एक दाबा म्हणतायत. मी दाबतेय हो."

"बाई, चूक माझी. निघालोच. फोन ठेवू नका."

चपला घालायचंही भान त्यांना राहिलं नाही. रस्ताभर ते बोलत राहिले. इमारतीत पोचल्यावर आधी मेन स्विच बंद केला, मग किल्ली लावून लिफ्टचं दार उघडलं. बाई कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या. काकांचा आवाज आता फोनमधून आणि समोरूनही येत होता, तरी बाईंचा अंगठा एकच्या आकड्यावरून हलत नव्हता.