एका पाळणाघराच्या दोन बातम्या

माझी वहिनी पंधरा वर्षं कंपनीच्या घोषणा लिहितेय. परवा साहेबांनी ऑफिसातलं पाळणाघर बंद केलं. नोकरी-धंद्याच्या साइटवर तिनं लिहिलं, ‘जागेचा चाळीस टक्के अधिक कार्यक्षम वापर.’ सोबत साहेबांचा फोटो. कुटुंबांसाठीच्या पानावर तीच बातमी: ‘चिमुकल्यांना आता आजीची ऊब!’ सोबत पाळणाघरातलंच एक हसरं बाळ. शी! विष ते विषच, नुसती बाटली बदलली.

त्याच संध्याकाळी माझी आई, जिचे गुडघे धड वाकतही नाहीत, कौतुकानं फोन नाचवत आली. “सूनबाई, तुझी कंपनी किती विचार करते गं! उद्यापासून बाळ माझ्याकडेच. आणि फोटोही आपल्याच बाळाचा!”

वहिनी उठली आणि बेसिनवर जाऊन भडाभडा ओकली.