गौहर आपाच्या हातचं खोकं

गौहर आपाशी माझं कधी पटलं नाही, आणि तिच्याशिवाय माझं कधी चाललंही नाही. मी शिवराज. रेल्वे स्टेशनजवळ माझं पार्सल बुकिंगचं ऑफिस आहे. माल पाठवतो, वाटेतल्या नुकसानीचा विमा उतरवून देतो. आपा शहागंजात राहते आणि फुटण्यासारख्या जुन्या वस्तूंचं पॅकिंग करते. काचेच्या हंड्या, झुंबरं, लंबकाची घड्याळं, चिनी मातीची भांडी, ज्याला हात लावायला माणूस घाबरतो ते सगळं तिच्याकडं येतं.

तिचे अब्बा बांगड्यांचे व्यापारी. लहानपणी ती वाळल्या गवतात बांगड्यांच्या माळा रचायला शिकली. नवरा गेल्यावर पैठण गेटच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं तिला एक झुंबर बांधायला दिलं, तेव्हापासून हात थांबला नाही. तिच्या घरात बसायला खुर्ची मिळत नाही, पण फ्रिजची रिकामी खोकी, फोमचे तुकडे आणि जुन्या मलमलच्या चिंध्या हव्या तेवढ्या. खोकं बांधताना ती त्याच्याशी बोलते. माझ्याशी बोलते तेव्हा फक्त चुका काढते.

"वस्तूला भिंत नको शिवराज, गादी पाहिजे," हे तिचं पहिलं वाक्य. वस्तू एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये चारही बाजूंनी, वर-खाली, मऊ भर. आतलं खोकं बाहेरच्याला कुठंच टेकायचं नाही. झाकण असेल तर ते वेगळं गुंडाळायचं, भांड्यावर ठेवून कधीच नाही. वर्तमानपत्र थेट लावायचं नाही, शाई उतरते. आणि शेवटी मला खोकं कानाशी धरून हलवायला लावायची. आवाज आलाच तर सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून, असा तिचा नियम. कितीतरी संध्याकाळी मी टेम्पो बाहेर उभा करून, कानाला खोकं लावून, मूर्खासारखा उभा राहिलोय.

तर या आपाकडं देवगाव रंगारीहून सरूबाई आली. पन्नाशीची बाई, मागं नवरा रामकिसन, आणि तिच्या मांडीवर चादरीत बांधलेलं चिनी मातीचं मोठं भांडं. पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, वर गोंड्याचं झाकण. रामकिसनच्या आजोबांना कुठल्याशा जहागीरदारानं दिलेलं. घरात पिढ्यान् पिढ्या त्यात ताक व्हायचं.

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा मोठी जाऊ द्वारकाबाईनं तांब्याच्या घागरी, पितळी पातेली सगळी आधी उचलली. सरूबाईनं हे एकच भांडं मागितलं. "मला हेच पाहिजे, हे लई मोलाचं हाय," असं म्हणाली. तेव्हापासून द्वारकाबाई येता-जाता, पाणवठ्यावर, लग्नात, जिथं भेटेल तिथं विचारायची, "काय गं सरू, मोलाचं ताक झालं का?" सगळी भावकी हसायची. रामकिसनसुद्धा तोंड फिरवून हसला होता, ते सरूबाईनं पाहिलं होतं.

"मला ते इकायचं नाय," सरूबाई म्हणाली. "मला फक्त कागद पाहिजे. जाणकारानं लिहून दिलेला. तो वाचून दाखवीन आन् मग मरीन." मी म्हटलं, मरायची घाई नको, आधी किंमत सांगा, विमा उतरवायचा आहे.

इथंच घोडं अडलं. जाणकार पुण्याला, सोनियाबाई म्हणून एक मूल्यांकन करणाऱ्या. किंमत कळण्यासाठी भांडं त्यांच्याकडं पाठवायचं, आणि पाठवायचं तर विम्यासाठी किंमत आधी पाहिजे. "माझ्या तोंडानं सांगते की," सरूबाई म्हणाली. "विमा कंपनी विचारते, कशावरून? तुम्ही जाऊबाईंना सांगितलं ते त्यांना चालत नाही," मी म्हटलं. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मीच द्वारकाबाईचा भाऊ आहे.

शेवटी आपानं फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, बुडाशी असलेल्या छापाचा जवळून. सोनियाबाईंनी फोटोवरून अंदाजे किंमत लेखी कळवली, पक्की किंमत वस्तू बघितल्यावर सांगीन म्हणाल्या. तेवढ्यावर कंपनी तयार झाली. जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही प्रवासांचा विमा मी घ्यायला लावला. लोक जाताना उतरवतात आणि परत येताना वस्तू देवाच्या भरवशावर सोडतात, मला त्याचा संताप येतो.

काठावर एक जुना टवका उडालेला होता. आपानं त्याचा फोटो काढला तशी सरूबाई चिडली. "पोरगी दाखवताना कुणी आधी तिचं व्यंग दाखवतं का?" आपा शांतपणे म्हणाली, "दाखवायचं. नाहीतर उद्या हाच टवका वाटेत उडाला म्हणून तू भांडशील आणि कंपनी म्हणेल, आधीचाच आहे." सरूबाईला ते काही पटलं नाही.

ठरल्या दिवशी मी दुपारनंतर टेम्पो घेऊन गेलो. आपानं भांड्यात मऊ कागदाचे बोळे हलक्या हातानं भरले, ते मलमलीत गुंडाळलं, झाकण दुसऱ्या घडीत घेतलं आणि दोन्ही आतल्या खोक्यात ठेवलं. तेवढ्यात अजान झाली, ती नमाजला आत गेली. मी बाहेर फोनवर होतो. रामकिसन चहा पीत बसला होता. सरूबाई खोक्याजवळ एकटीच होती.

आपानं येऊन आतलं खोकं बंद केलं, मोठ्या खोक्यात बसवलं, भर दाबली, माझ्या हातात दिलं. मी कानाशी धरून हलवलं. आत धप्प झालं.

"आवाज आला," मी म्हटलं.

"तुझ्या कानात मळ आहे," आपा म्हणाली.

मी पुन्हा हलवलं. पुन्हा धप्प. आपानं खोकं माझ्या हातातून ओढून घेतलं, स्वतःच्या कानाला लावलं, आणि तिचा चेहरा उतरला. तीस वर्षांत तिच्या खोक्यातून आवाज आला नव्हता. तिनं टेप कापला, भर काढली, आतलं खोकं उघडलं, मलमल सोडली. कागदाचे बोळे गायब होते. भांड्यात साखरेची चांगली घट्ट बांधलेली पुरचुंडी बसली होती.

मी भडकलो. "बाई, ही साखर आतल्या आत आपटली तर तुमचं भांडं पुण्याला पोचेपर्यंत खापऱ्या होतील. बाहेर हजार गाद्या घातल्या तरी काय उपयोग? आणि कंपनी म्हणणार, पॅकिंग बरोबर नव्हतं, कागदावर न लिहिलेला माल आत होता. फुटकी कवडी मिळणार नाही. वर द्वारकाबाई गावभर ताक वाटेल."

शेवटचं वाक्य लागलं. सरूबाईच्या डोळ्यात पाणी आलं. पदरानं पुसत ती म्हणाली, "रिकामं भांडं कुणाच्या दारात जातं का? माझ्या सासूनं कधी शेजारणीची वाटीसुदिक रिकामी धाडली नाय. आन् हे तर घरातलं मोठं भांडं. पहिल्यांदा उंबरा ओलांडतंय."

मी आपाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बाईला फाडून खाणार. पण आपा खाली बघत होती. ईदला शेजारच्या घरून आलेला डबा परत करताना ती त्यात काहीतरी घातल्याशिवाय देत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं. तिनं साखरेची पुरचुंडी उचलली, कपाटात ठेवली आणि रामकिसनला विचारलं, "घरी कापूस आहे का? या सालचा?"

"हाय की. वेचून ठेवलाय."

"उद्या घेऊन या. साफ, कोरडा. भांड्याच्या आत मऊ काहीतरी भरावंच लागतं. तुमच्या शेताचा कापूस भरते. मग भरलेलंच गेलं ना?"

सरूबाईनं पदर खाली केला. "व्हय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रामकिसन पहिल्या एसटीनं कापूस घेऊन आला. आपानं सरक्या काढल्या, कचरा निवडला, मलमलच्या पिशव्या शिवून त्यात सैलसर भरला, म्हणजे तंतू भांड्याला अडकायला नकोत. पिशव्या भांड्याच्या पोटात अशा बसल्या की दाब नाही आणि हालचालही नाही. वर एक चिठ्ठी आणि फोटो ठेवले, परत पाठवताना कसं भरायचं त्याचे. "पुण्याची माणसं हुशार असतात, पण मला भरवसा नाही," म्हणाली. मी खोकं हलवलं. काही वाजलं नाही. पावतीवर वस्तूच्या वर्णनात मी कापसाच्या पिशव्याही लिहिल्या, कंपनीला कुरकुरायला जागा नको.

वाटेत कुणीतरी खोकं आपटलं. सोनियाबाईंचा फोन आला, बाहेरचा एक कोपरा चेपलाय, सही करण्याआधी पोचपावतीवर तसं लिहून घेतलं, फोटोही काढले. माझा जीव टांगणीला लागला. मग त्या म्हणाल्या, आतलं खोकं जसंच्या तसं आहे, भांड्याला काही झालं नाही. मी आपाला सांगितलं तर म्हणाली, "मग फोन कायकू केला? मी स्वयंपाक करत होते." पण त्या दिवशी तिनं मला चहाबरोबर नानखटाई दिली.

काही आठवड्यांनी भांडं आपाच्या घरी परत आलं, तिच्याच पद्धतीनं भरलेलं, कापसाच्या पिशव्यांसकट. सोबत कागद. सरूबाई आली, रामकिसन आला, आणि कागद खरा की खोटा बघायला स्वतः द्वारकाबाई आली. मी वाचला. शंभराहून जास्त वर्षं जुनं, परदेशी कारखान्याचं, झाकण मूळचंच, काठावर जुना टवका, त्यानं मोल थोडं कमी, तरी मोल चांगलंच. द्वारकाबाईनं मला पुन्हा वाचायला लावलं. सगळ्या घागरी एका पारड्यात टाकल्या तरी भांड्याचंच पारडं जड ठरणार होतं, हे तिला कळलं. तोंड एवढंसं झालं तिचं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते बोलायचं वाक्यच सरूबाईला सापडेना.

मी म्हटलं, आता देवगावपर्यंत पोचवायला खोकं नीट बांधू, तेवढ्या प्रवासाचाही विमा... आपानं हातानंच मला थांबवलं. भांडं उघडून पुढ्यात ठेवलं. कापूस काढून रामकिसनच्या हातात दिला. मग कपाटातून ती साखरेची पुरचुंडी आणली, गाठ सोडली आणि सगळी साखर भांड्यात ओतली.

"माझ्या घरातून रिकामं कसं जाईल?" ती म्हणाली.

सरूबाई रडायला लागली, हसायलाही लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. एवढी सगळी गादी, दोन खोकी, फोटो, कागद, आणि शेवटी साखर. "आपा, एसटीत फुटलं तर?"

"मांडीवर नेईल ती. आईच्या मांडीपेक्षा चांगली गादी मी कधी बांधली नाही," आपा म्हणाली. मग द्वारकाबाईकडं वळली. "आणि झाकण भांड्यावर ठेवायचं नाही. ते तुम्ही धरायचं. वेगळं."

द्वारकाबाईनं एकदा जावेकडं बघितलं, एकदा झाकणाकडं. मग नऊवारीचा पदर चौपदरी करून मांडीवर अंथरला आणि दोन्ही हात पुढं केले.

मी त्यांना बस स्टँडवर सोडलं. खिडकीपाशी दोघी जावा शेजारी-शेजारी बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर साखरेचं भांडं, दुसरीच्या मांडीवर झाकण. एसटी निघताना स्टँडबाहेरच्या खड्ड्यातून गेली तशी द्वारकाबाईचा हात झाकणावरून सुटला नाही, उलट दुसरा हात सरूच्या भांड्याखाली गेला.