लिव्हर डाव्या हाताला

बारामतीत माझा टायपिंगचा क्लास होता. दुपारची बॅच सुटली की संध्याकाळची सुरू होईपर्यंत मधला वेळ माझा असायचा. सकाळपासून मशीनांच्या खडखडाटाने कान किटलेले असायचे, आणि त्या वेळात कोणी दारात येऊन उभं राहिलं की माझं डोकं फिरायचं. मुलं मला मागून काय म्हणत हे मला माहीत होतं. म्हणेनात का, परीक्षेला पास होत होती.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं असतील. अशाच एका दुपारी दोघी बायका आल्या. एक तिशीच्या आतबाहेरची, हातात कापडी पिशवी. दुसरी म्हातारी, नऊवारीतली, उन्हातून चालून धापा टाकत असलेली. मला वाटलं, मुलीचा प्रवेश घ्यायला आल्यात. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "प्रवेश संध्याकाळी."

"प्रवेश न्हाय, बाई," तरुण बाई म्हणाली. "एक फोटू दावायचा हाय. त्यातलं मशीन कसलं हाय, तेवढं सांगा."

ती सांगवीची. ब्लाउज, परकर, मुलांचे शर्ट शिवून घर चालवायची. म्हातारी तिची आत्या, शेळगावची. पाणी प्यायल्या, बाकावर टेकल्या आणि मग हळूहळू सगळं कळलं.

तिचे वडील इंदापूरला कचेरीबाहेर टाइप करत बसायचे. लोकांचे अर्ज, दाखल्यांच्या नकला असली कामं. ती रांगतही नव्हती तेव्हा तापाचं निमित्त होऊन गेले. मूळ घर पळसदेवचं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा जुनं गाव सोडताना सामानाची ट्रंक कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. घरात जो काही एखादा फोटो होता तो त्या ट्रंकेत होता. आईही पुढे वारली. म्हणजे या बाईने बापाचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात ती भिंतीजवळ रिकामा पाट मांडायची आणि त्याच्यापुढे पान ठेवायची.

इंदापुरातला एक जुना फोटोवाला मागच्या साली वारला. त्याच्या मुलाने डबेच्या डबे निगेटिव्ह बाहेर काढल्या, आणि कचेरीबाहेरच्या टायपिस्टची असावी अशी एक त्याला सापडली. ओळखीतून निरोप सांगवीपर्यंत आला. त्याने फोटो धुऊन दिला. ही तो छातीशी धरून थेट शेळगावला गेली, कारण त्या चेहऱ्याला ओळखणारं एकच माणूस आता उरलं होतं.

आणि आत्या म्हणाली, हा तो नव्हे.

"त्याच्या डाव्या गालाव तीळ हुता," म्हातारी मला सांगू लागली. "चांगला ठसठशीत. आमची आय त्याला कधी तीटच लावायची न्हाय. म्हणायची, देवानंच लावून धाडलाय. मीच त्याला कडेवर घेऊन वाढिवलाय, बाई. मला डावा-उजवा कळत न्हाय व्हय? ह्याच्या तर उजव्या गालाव हाय. आन् फुडं हे काळं धूड कसलं हाय? टायपाचं मशीन असतं तर त्याला बटनं नसती का?"

"आत्या, बाकी तोंडवळा?" बाईने विचारलं. हे तिने आधीही पुष्कळदा विचारलं असणार, तिच्या आवाजावरून कळत होतं.

"तोंडवळा मिळताजुळता असंल. मानसासारखं मानूस असतं. पर तीळ कसा हालंल? भिंतीव दुसऱ्याचा बाप टांगून त्याच्या पाया पडत बसशील, आन् तुजा बाप तितं उपाशी."

हे म्हातारीने रागाने म्हटलं नाही, काळजीने म्हटलं. म्हणूनच ते त्या बाईला जास्त लागलं असावं. ती खाली मान घालून पिशवीचा बंद पिळत राहिली. मला तिची फार दया आली, आणि दया आली की मी जरा तुसडी होते. "आणा इकडे," मी म्हटलं.

पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो. झाडाखाली टेबल, टेबलावर मशीन, मशीनमागे एक तरुण माणूस. फोटो समोरून काढलेला, त्यामुळे छातीपासून खालचं सगळं मशीनमागे झाकलेलं. एक हात मशीनच्या वरच्या बाजूला टेकवलेला, आणि तो कॅमेऱ्याकडे बघतोय. कोणीतरी हाक मारली आणि काम थांबवून मान वर केली, असं.

मशीन ओळखायला मला वेळ लागला नाही. टायपिंग शिकणारा मशीनला पुढून बघतो. शिकवणारीच्या वाट्याला मुलांची तोंडं आणि मशीनांच्या पाठीच येतात. पाठीकडून बटनं दिसत नाहीत. दिसतो तो आडवा रोलर, त्याच्या दोन्ही टोकांच्या मुठी, कागदाला टेकू देणारा पत्रा आणि खाली उघडी यंत्रं. "टाइपरायटरच आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे आहेत तसलाच, जड, ऑफिसातला. बटनं त्याच्या बाजूला आहेत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत."

बाईने मान वर केली. म्हातारी म्हणाली, "मशीन असंल. तिळाचं काय?"

तेव्हा मी फोटो पुन्हा पाहिला. मघापासून काहीतरी खटकत होतं, पण काय ते लक्षात येत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ कोणी हलवून दुसऱ्या भिंतीवर लावलं की खोलीत शिरताच कसंतरी वाटतं, तसं. मी उठले आणि पहिल्या रांगेसमोर, शिकवताना उभी राहते त्या जागी जाऊन उभी राहिले. समोर मशीनांच्या पाठी. प्रत्येक मशीनचा लिव्हर, ओळ संपली की ढकलायचा तो दांडा, माझ्या उजव्या हाताला. फोटोत तो डाव्या हाताला होता.

मी त्या दोघींना बोलावलं. एक मशीन पाठ त्यांच्याकडे करून ठेवलं, स्वतः मागे बसले आणि कागद चढवला. "बघा. मी अक्षर मारलं की हे वरचं सगळं, याला कॅरेज म्हणतात, एक घर माझ्या डावीकडे सरकतं. त्याला ओढते ही मागची गोल डबी. तिच्यात स्प्रिंग आहे, आणि तिची पट्टी कॅरेजला बांधलेली आहे. डबीही माझ्या डाव्या अंगाला." मी टाइप करत गेले. ओळ संपत आली तशी घंटी वाजली. "आता डाव्या हाताने हा लिव्हर ढकलायचा. रोलर फिरून कागद एक ओळ वर जातो, आणि कॅरेज पुन्हा उजवीकडे येतं. सगळ्या टायपिस्टांचा हा डावा हात चालतो."

बाईने फोटो मशीनशेजारी धरला. "ह्यांचा उजवा हात हाय लिव्हरवर."

"डबीही उजव्या अंगाला आहे. म्हणजे फोटो उलटा छापलाय. आरशात दिसतं तसा. निगेटिव्ह पालथी पडली की असा फोटो येतो."

एवढं बोलले आणि माझीच जीभ अडखळली. कारण मला पुण्यातल्या एका मेकॅनिककडे पाहिलेलं मशीन आठवलं. उर्दूचं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्याचं कॅरेज उलट्या दिशेला पळतं आणि लिव्हरही उजव्या हाताला असतो. इंदापूरच्या कचेरीबाहेर उर्दू मशीन कुठून येणार, असं मन म्हणत होतं. पण मनाच्या भरवशावर कोणाला बाप द्यायचा म्हणजे काय! मी ते लपवलं नाही. सरळ सांगून टाकलं, की असंही एक मशीन असतं, आणि नुसत्या मशीनवरून मला शपथेवर सांगता येणार नाही.

म्हातारीने सुस्कारा सोडला. "ऱ्हाऊ द्या, बाई. तुमी लई तसदी घेतली."

मी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. टाइपाच्या अक्षरांत शाई भरली की ते लावून टाचणीने साफ करायचे. म्हटलं, मशीनवर कुठे नाव-बिव दिसतंय का बघू. मागच्या पत्र्यावरून कार्बन लावलेल्या कागदांची चळत लोंबत होती, नाव झाकलेलं. मी भिंग बाईच्या हातात दिलं, ते केवळ तिला तोंड नीट बघता यावं म्हणून. असं भिंग तिला परत कुठे मिळणार होतं?

ती बराच वेळ बघत राहिली. तोंडावरून भिंग खाली गळ्याशी आलं आणि तिथेच थांबलं. मग ती म्हणाली, "बाई, ह्यांच्या शर्टाची पट्टी बघा."

मला काही कळलं नाही.

"पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येती. काजं डाव्या बाजूला, बटनं उजव्या. बायकांचं उलटं असतं. मी रोज शिवते, मला झोपेत इचारा." तिने फोटोतल्या गळ्यावर बोट ठेवलं. "हितं उजवी बाजू वर हाय. मशीन उर्दूचं असंल बी, पर शर्ट तर उर्दूचा नसतो ना?"

मी भिंग घेतलं आणि पाहिलं. गळ्याजवळची दोन बटनं तेवढी मशीनच्या वर दिसत होती. ती म्हणत होती ते खरं होतं. मला शर्टाचं हे माहीतसुद्धा नव्हतं.

पाण्याच्या माठाजवळ एक आरसा टांगलेला होता. क्लासच्या मुली त्यात वेण्या नीट करायच्या आणि मी त्यांच्यावर ओरडायची. मी म्हातारीला हाताला धरून तिथे नेलं आणि फोटो आरशासमोर धरला. "फोटोकडे नका बघू, आत्याबाई. आरशात बघा."

आरशात लिव्हर डाव्या हाताखाली आला होता. तीळ डाव्या गालावर.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मग पुढे झाली आणि आरशावर, तिळाच्या जागी, अंगठा ठेवला. लहान मुलाच्या गालावरचं काही पुसावं तसा हळूच फिरवला. "ह्योच," ती म्हणाली. "ह्योच रं माजा. मी तुला न्हाय म्हनले रं." आणि ती मोठ्याने रडू लागली.

मी काही हळवी बाई नाही, पण माझेही डोळे भरले. फोटो धरलेला हात तेवढा हलू दिला नाही.

भाची मागे उभी होती. ती रडत नव्हती. आत्याच्या खांद्यावरून ती त्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. फोटोवाल्याकडून सुलटा छापून घ्या, मी सांगत होते. तिला ते ऐकू गेलं असं वाटत नाही.

"आत्या," ती म्हणाली, "आपल्यात बापाला काय म्हनत्यात? मला बोलता येईस्तवर त्ये ऱ्हायले असते, तर मी काय म्हनले असते?"

म्हातारीने डोळे पुसले. "आमी समदी भावंडं बापाला तात्या म्हनायचो. तू बी तेच म्हनली असतीस."

ती आरशाच्या अगदी जवळ गेली. एकदा तिने नुसतेच ओठ हलवून पाहिले. मग हाक मारली, "तात्या."