पहिल्या बिलावरचं कुंकू

आमच्या बीबी गावात सारिकाला दोन नावं आहेत. तोंडावर सारिकाताई आणि पाठीमागे 'दिसत नाही'. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं बी-खताचं दुकान आहे, तिथं आलेल्या मालाची नोंद ती करते. कागदावरचा आकडा नीट वाचता आला नाही तर ती अंदाजानं काही लिहीत नाही. "दिसत नाही," एवढंच म्हणते आणि पेन ठेवून देते. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान समोरच आहे, त्यामुळे हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत की मलाच तिचा राग यायचा. माणसानं इतकंही ताठ असू नये, असं मला वाटायचं.

त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं आलं तेव्हा पाऊस चांगला होऊन गेला होता. जमिनीला पेरणीजोगा वापसा आला होता आणि ज्याच्या त्याच्या घरात पेरणीयंत्राला तेल लागत होतं. बियाण्याचा ट्रक बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याकडून आला. पिशव्या उतरल्या, गोडाऊन भरलं, पण ड्रायव्हरजवळ बिल नव्हतं. हंगामातलं पहिलं बिल त्या पेढीवर देवापुढे ठेवतात म्हणे, म्हणून बिलाचा फोटो ईमेलवर पाठवला होता.

सारिकानं फोटो उघडला. बिलावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती, आणि ती नेमकी लॉट नंबर आणि मुदतीच्या रकान्यावरून खाली आली होती. वर एक ओली अक्षत चिकटलेली, शिवाय फोटो हललेला.

प्रत्येक पिशवीला लेबल असतं आणि त्यावर लॉट नंबर असतो. तो बिलातल्या नंबराशी जुळला तरच पिशवी विकायची, असा साधा नियम. बियाणं उगवलं नाही तर कुणाला धरायचं, हे त्या नंबरावरूनच ठरतं. सारिकानं लगेच ईमेल लिहिला. पुढं तो सगळ्या गावानं वाचला, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"महोदय, आपण पाठवलेल्या बिलाच्या फोटोत लॉट नंबर व मुदत हे दोन्ही रकाने वाचता येत नाहीत. कृपया बिलाची कार्यालयीन प्रत स्कॅनरवर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील अशी स्कॅन करून पाठवावी. मोबाईलवरचा फोटो नको. स्पष्ट प्रत मिळेपर्यंत आम्ही हा माल विक्रीला काढू शकत नाही."

संध्याकाळी उत्तर आलं. तोच फोटो होता, फक्त मोठा केलेला. कुंकूही मोठं झालं होतं.

तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. "मॅडम, देवाचं कुंकू आहे, पुसता थोडंच येतं? पिशवीवर नंबर आहे ना, तोच लिहून टाका."

तिनं फोन ठेवला. मी तिथं चार्जरची वायर द्यायला गेलो होतो. "पिशवीवरचाच लिवा म्हन्ते," ती म्हणाली. "त्याच्याजोळ बिल हाये तं बिल पाहून काऊन नाही सांगत?" त्या वेळी मलाही पहिल्यांदा शंका आली. पण आभाळ मोकळं होतं आणि लोक दारात उभे होते, अशा वेळी संशय कोण ऐकून घेतो?

दुसऱ्या दिवशी दारात भांडणं सुरू झाली. कंपनीचे अध्यक्ष रामराव मनानं वाईट नाहीत, पण गर्दी पाहिली की त्यांचा धीर सुटतो. "ताई, वापसा निंघून जाईन. लिहा न अंदाजानं, कागद काय, मांगून येतेच."

"दिसत नाही, रामरावजी."

"तुम्हाले दिसत नाही म्हून गावानं पेरू नाही काय?"

लोक हसले. कुणीतरी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. सारिकानं गोडाऊनची किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर लावलं आणि पुन्हा तोच ईमेल पाठवला. गावातली निम्मी माणसं तिच्या नात्यात होती. ती कुणालाच बधली नाही.

तेवढ्यात तिचे सासरे पुंजाजी आले. भला माणूस, पण मान जपणारा. सुनेमुळे गाव अडलंय हे त्यांना पारावर ऐकवलं गेलं होतं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते थेट रामरावांपुढे उभे राहिले. "माह्या नावानं काढा पिशव्या. आमच्या घरानं पेरलं तं लोकायचा भरोसा बसन." रामरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी आपल्याजवळची दुसरी किल्ली काढली.

पिशव्या ट्रॉलीत पडत होत्या आणि सारिका खिडकीत उभी होती. पुंजाजींनी वळून विचारलं, "चालते न सूनबाई?"

तिचे ओठ हलले, हे मी माझ्या दुकानातून पाहिलं. सगळ्या गावाला तोंडावर नाही म्हणणारी ती बाई, तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. पुंजाजींनी त्याचा अर्थ हो असा घेतला. ट्रॉली गेली. बाकीच्यांना मात्र तिनं हात लावू दिला नाही. रामरावांच्या हातातून ती दुसरी किल्लीही मागून घेतली.

पुंजाजींनी त्याच दिवशी सगळं रान पेरून काढलं.

पुढच्या दुपारी ईमेल आला. त्या पेढीवर नवीन लागलेल्या राखी नावाच्या मुलीनं पाठवला होता. बिचारीला कुणी काही सांगितलं नसावं. तिनं फाईलमधली प्रत काढून, स्कॅनरवर सपाट ठेवून, चारही कोपऱ्यांसकट पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "उशिराबद्दल क्षमस्व."

इतकं स्वच्छ बिल मी कधी पाहिलं नाही. सारिकानं मला आत बोलावलं आणि पिशवीचं लेबल माझ्या हातात दिलं. ती स्क्रीनवरचा लॉट नंबर वाचत गेली, मी लेबलावर पाहत गेलो. जुळत नव्हता. मुदतीच्या रकान्यातली तारीख मागच्या सालातच संपलेली होती. जुन्या, मुदत गेलेल्या बियाण्याला नवी लेबलं लावलेली होती. बिल मात्र कॉम्प्युटरनं खरं काढलं होतं, आणि त्या खऱ्यावर कुणाची तरी बोटं फिरली होती.

तिनं रामरावांना बोलावलं, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला फोन केला. विक्रीबंदीचा आदेश निघाला, नमुने तपासणीला गेले. ज्यांनी चष्म्याचा पत्ता सांगितला होता तेच आता "ताईनं गावाले वाचोलं" म्हणत होते. ती कुणाकडेही पाहत नव्हती. "माह्यासंग वावरापर्यंत येता काय?" तिनं मला विचारलं. "एकटीनं सांगनं होत नाही."

पुंजाजी बांधावर बसून पेरलेल्या ओळींकडे, तासांकडे, पाहत होते. सरळ, काळे, देखणे तास. सासू रुखमाबाई शेजारी भाकरी सोडत होती. "पा सूनबाई," ते म्हणाले, "तीन-चार दिसात निंघते सारं."

सारिकानं उभ्यानंच सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता. मला वाटलं म्हातारा आता भडकणार, रामरावांच्या नावानं शिव्या घालणार. पण तसं झालं नाही. वाकून त्यांनी तासातली माती उकरली, एक दाणा काढला, तळहातावर ठेवला आणि कितीतरी वेळ पाहिला. दाणा नुसता फुगलेला होता.

"तुले कालच शंका होती?"

"होती, मामाजी."

"साऱ्या गावाले अडोलं तू." त्यांचा आवाज चढला नाही. "मंग मलेच काऊन नाही अडोलं, पोरी?"

रुखमाबाईनं भाकरी परत फडक्यात बांधली. सारिकानं पुढं ओढायला पदराला हात घातला, आणि तो तसाच धरून ठेवला; ओढला नाही.