दरड वगळलेले कव्हर लेटर

सोमवार, ९ जून २०२५. सकाळी अकरा वाजता पुतणीची मुलगी पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडला माझ्याकडे आली. ती रसायनशास्त्रात नुकतीच पदवीधर झाली आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी कंपनीत प्रयोगशाळा सहायकाची जागा होती आणि अर्ज संध्याकाळी पाचपर्यंत ईमेलने जायचा होता. बायोडेटा तयार होता. कव्हर लेटर नव्हते. ही जागा हुकली तर तिला मुंबईला काकाकडे राहावे लागणार होते, आणि ते तिला नको होते.

मजकूर मी ठरवायचा, इंग्रजी तिने करायचे, असे ठरले. तहसील कचेरीत माझी हयात अर्जांवर गेली. त्या सवयीने मी लिहिले : दरडीत घर गेले, परिस्थिती हलाखीची आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

तिने वाचले. "आजोबा, हे वाचून कंपनी नोकरी नाय देणार, धान्य पाठवील."

"खोटे आहे का यात काही?"

"खरं हाय. पण त्यांच्या कामाचं नाय."

मी उठून ओटीवर येरझारा घातल्या. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर होती. परत येऊन मी बायोडेटा आणि जाहिरात शेजारी ठेवली. कंपनीला चाचण्या करणारा, नोंदी ठेवणारा, दिवस-रात्र पाळ्यांमध्ये काम करणारा माणूस हवा होता. बायोडेटात होते : प्रथम श्रेणी, पाण्याच्या जडपणावर प्रकल्प, एनएसएस, मेहनती.

"एनएसएसमध्ये काय केलेस? झाडे लावलीस?"

"झाडं पयल्या वर्षी. गेल्या पावसात आरोग्यसेविकेसोबत वाड्यांमधल्या विहिरींचं पाणी तपासलं. औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन हाय. नाय आला तर लगेच ग्रामपंचायतीला सांगायचं. सगळं लिहून ठेवायचं."

"हे इथे का नाही?"

"एका ओळीत किती मावणार?"

मग पत्र नव्याने बांधले. पहिल्या परिच्छेदात पद आणि जाहिरात कोठे पाहिली ते. दुसऱ्यात प्रकल्पात पाण्याचा जडपणा मोजण्यासाठी केलेले टायट्रेशन आणि विहिरींचे काम, दोन्ही जाहिरातीतील मागणीला जोडून. आरोग्यसेविकेच्या हाताखाली केले, हेही लिहिले. अनुभव फुगवायचा नव्हता. शेवटी पाळ्यांमध्ये काम करण्याची आणि मुलाखतीस येण्याची तयारी. बायोडेटातला 'मेहनती' काढला. पत्रातली दरड काढली. पत्र एका पानात बसले.

वीज आली नाही. बॅटरी लाल झाली तेव्हा तिने मेलच्या विषयात पदाचे नाव घातले, दोन्ही पीडीएफ जोडल्या आणि मोबाइलच्या नेटवरून मेल पाठवला. पाच वाजायचे होते.

"फोन आला तर? वाडीत रेंज नसते," मी म्हणालो.

"म्हणून बायोडेटात दुसरा नंबर तुमचा घातलाय."

मला न विचारता घातला होता. तिला एसटीत बसवून आलो तेव्हा वीज आली होती. मोबाइल चार्जिंगला लावला आणि आवाज पूर्ण वाढवून ठेवला.